स्मरणिकेचं काम एका प्रोजेक्टात: लेख, फाइली आणि निर्णयांची वही

मंडळाची स्मरणिका काढणाऱ्याकडे तीन तऱ्हेचा ऐवज जमतो. लोकांनी पाठवलेले लेख, जुन्या अंकांतली माहिती, आणि संपादन समितीच्या बैठकीत ठरलेल्या गोष्टी. पहिल्या दोन कुठल्या ना कुठल्या फाइलीत असतात. तिसरी बहुधा कुणाच्या तरी डोक्यात असते, नाहीतर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर शुभेच्छांच्या गर्दीत दडलेली असते.

इंदूरच्या मराठी मंडळांतली बरीच मंडळी आता मुद्रितशोधनाचा पहिला हात, जाहिरातदारांना पत्रं, मनोगताचा कच्चा खर्डा अशा कामांना क्लॉड किंवा चॅटजीपीटी वापरू लागली आहेत. आमच्या समितीतल्या एका काकूंची तक्रार ऐका: "अरे, कालच तर याला सांगितलं होतं की आकडे देवनागरीतच ठेव. आज पुन्हा इंग्रजी आकडे!" काकूंनी सांगितलं होतं हे खरं. पण ते कालच्या चॅटमध्ये. आज नवी चॅट उघडली, आणि नव्या चॅटला कालचं काही ठाऊक असेलच असं नाही. यावरचा उपाय म्हणजे प्रोजेक्ट. तो कसा मांडायचा ते स्मरणिकेच्याच उदाहरणाने सांगतो, कारण हे काम दोन-तीन महिने चालतं, माणसं बदलतात, आणि मागचं संदर्भसाहित्य सतत लागतं.

प्रोजेक्टमध्ये असतं काय

क्लॉडमध्ये ही सोय जून २०२४ मध्ये आली, चॅटजीपीटीत डिसेंबर २०२४ मध्ये. सुरुवातीला दोन्हीकडे ती पैसे भरणाऱ्यांपुरती होती. आता विनाशुल्क खात्यावरही मिळते, पण प्रोजेक्ट किंवा फाइलींच्या संख्येवर बंधन असतं. एका स्मरणिकेला ते पुरतं.

डाव्या पट्टीत Projects असं दिसेल. तिथे नवा प्रोजेक्ट उघडला की आत तीन कप्पे मिळतात. एक, सूचना: हे साधन या कामात कसं वागावं ते. दोन, फाइली: या कामाचं संदर्भसाहित्य. तीन, चॅटी: या प्रोजेक्टच्या आत सुरू केलेलं प्रत्येक संभाषण. आतल्या प्रत्येक चॅटला सूचना आणि फाइली आपोआप उपलब्ध असतात, दर वेळी चिकटवाव्या लागत नाहीत.

नवे लोक इथे एक गोष्ट गृहीत धरतात. एका फोल्डरात ठेवल्या म्हणजे चॅटी एकमेकींचं बोलणं ऐकतात, असं त्यांना वाटतं. त्यावर विसंबू नका. दोन्ही साधनांत आधीच्या संभाषणातलं काही लक्षात ठेवण्याची सोय आली आहे, पण काय लक्षात राहील आणि काय गळेल हे ते साधन ठरवतं. सूचना आणि फाइली मात्र तुम्ही ठेवता, तुम्हाला दिसतात, तुम्ही काढू शकता. म्हणून पुढचा सगळा लेख एकाच धोरणावर उभा आहे: जे पुन्हा लागणार आहे ते चॅटमध्ये राहू द्यायचं नाही, फाइलीत आणायचं.

आधी फाइली, मग प्रोजेक्ट

प्रोजेक्ट उघडायच्या आधी संगणकावर साधं फोल्डर करा आणि कशाची गरज आहे ते ठरवा. हाती लागेल ते सगळं चढवायचा मोह होतो. मागच्या दहा वर्षांचे अंक, सभासदांची यादी, हॉलच्या भाड्याची पावती, सगळंच. तसं करू नका. स्मरणिकेच्या संपादनाला खरं तर चारच फाइली लागतात.

पहिली लेखननियमांची. एक-दीड पानाची असावी. कोणतं रूप वापरायचं ते त्यात लिहायचं: "इंदौर" नाही, "इंदूर", आकडे देवनागरी, "इ. स." लिहायचं की नुसतं साल, व्यक्तींच्या नावामागे "श्री." लावायचं की नाही. शुद्धलेखनाचे सर्वसाधारण नियम इथे उतरवून काढायची गरज नाही. जिथे दोन रूपं चालू शकतात आणि आपण एक निवडलं आहे, तेवढंच लिहा.

दुसरी सालवारी. मंडळाच्या आणि शहराच्या इतिहासातल्या ज्या गोष्टी लेखांत वारंवार येतात त्यांची साल आणि एकेक ओळ. प्रत्येक ओळीपुढे ती कशावरून घेतली तेही: अमक्या सालचा अंक, पान अमुक. ही फाइल करायला कष्ट पडतात, आणि सगळ्यात जास्त कामाला तीच येते. पुढे तिचं उदाहरण देतोच.

तिसरी अंकाचा आराखडा: कोणता लेख, कुणाचा, किती पानं, कोणत्या टप्प्यावर आहे. चौथी निर्णयवही, जी सुरुवातीला जवळजवळ कोरी असते.

लेख स्वतः प्रोजेक्टच्या फाइलींत ठेवायचे नाहीत. प्रत्येक लेख ज्याच्या त्याच्या चॅटमध्ये चिकटवायचा. चॅटमध्ये जोडलेली फाइल त्या चॅटपुरतीच राहते, प्रोजेक्टमध्ये ठेवलेली सगळ्यांना दिसते. एका लेखाचा कच्चा मजकूर दुसऱ्या लेखाच्या संपादनात डोकावायला नको, एवढ्यासाठी हा भेद पाळायचा.

मराठी फाइलींची खरी अडचण: फॉन्ट

इंग्रजीतल्या मार्गदर्शिका "फाइल अपलोड करा" म्हणून पुढच्या पायरीवर जातात. आपलं गाडं इथेच अडतं. जुना अंक मागायला डीटीपीवाल्याकडे गेलं की तो पेजमेकरची फाइल किंवा पीडीएफ हातात ठेवतो आणि म्हणतो, "भिया, श्रीलिपि में है, खुल जाएगा।" उघडते, दिसतेही सुरेख. पण श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत अक्षर म्हणून जे साठवलेलं असतं ते मुळात मराठी नसतं. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढून घेतला की उरते ती निरर्थक चिन्हांची रांग. प्रोजेक्टमध्ये चढवलेल्या फाइलीतून मजकूर उचलला जातो तेव्हा बरेचदा हीच रांग उचलली जाते.

हे ओळखायला अर्धं मिनिट लागतं. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवायच्या संदेशात पेस्ट करा. देवनागरी उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली तर जुना फॉन्ट आहे. मुळात मजकूर निवडताच आला नाही तर ते पान स्कॅन केलेलं आहे, म्हणजे नुसता फोटो.

जुन्या फॉन्टसाठी रूपांतर करणारी साधनं इंटरनेटवर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचं वेगळं असतं. रूपांतर झाल्यावर रफार, "ऱ्य" असलेले शब्द आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. बहुतेक चुका तिथेच सापडतात. स्कॅन केलेलं पान गूगल ड्राइव्हवर ठेवून ते गूगल डॉक्समध्ये उघडलं तर त्यातली अक्षरं ओळखून मजकूर मिळतो, मराठीतही. जुन्या खिळ्यांच्या छपाईत मात्र साल आणि आकडे हमखास तपासायचे. एखादा शब्द चुकला तर वाचताना खटकतो. चुकलेलं साल खटकत नाही, छापून जातं.

आणि सगळा अंक रूपांतरित करत बसू नका. सालवारीसाठी लागणारी पाच-सात पानं पुरतात, बाकीचं हाताने टाइप करणं अनेकदा लवकर होतं.

शेवटी मजकूर साध्या .txt किंवा .docx फाइलीत ठेवा आणि नाव असं द्या की कधीची आवृत्ती आहे ते नावावरून कळावं: "सालवारी_ऑगस्ट१२" असं काहीतरी. "फायनल", "फायनल२", "अगदी फायनल" या नावांचा अनुभव छापखान्यात गेलेल्या प्रत्येकाला आहे.

सूचना कशा लिहायच्या

प्रोजेक्ट उघडून नाव द्या, फाइली चढवा, आणि सूचनांच्या चौकटीत जा. क्लॉड आणि चॅटजीपीटी दोन्हीकडे तिला Instructions म्हणतात. इथे फाइलींतला मजकूर पुन्हा लिहायचा नाही. कोणती फाइल केव्हा पाहायची आणि कुठे हात लावायचा नाही, एवढंच. आमच्या कामाला साधारण अशा सूचना पुरल्या:

```
तू मराठी स्मरणिकेच्या संपादनाला मदत करतो आहेस.
१. शुद्धलेखन आणि आकडे "लेखननियम" फाइलीप्रमाणे.
२. "निर्णयवही" आणि "लेखननियम" यांत फरक असेल
   तर निर्णयवही ग्राह्य.
३. साल किंवा घटना "सालवारी"शी जुळत नसेल तर
   स्वतः बदलू नकोस. वेगळ्या यादीत दाखव आणि
   सालवारीतली ओळ जशीच्या तशी दे.
४. सालवारीत नसलेली घटना "पडताळणी हवी" म्हणून नोंदव.
५. लेखकाची बोली बदलू नकोस. अवतरणचिन्हांतल्या
   मजकुराला हात लावू नकोस.
```

तिसरा आणि पाचवा मुद्दा आमच्याकडे सगळ्यात मोलाचा ठरला. पाचव्याचं कारण उघड आहे. इंदूरच्या जुन्या मंडळींच्या मराठीत हिंदीची सावली असते. "त्यांचं गाणं मला फार चांगलं लागलं" असं आजी लिहितात, आणि हे साधन हात फिरवताना तिथे "आवडलं" करून टाकतं. वाक्य पुण्याला शोभेसं होतं, आजी मात्र त्यातून निघून जातात. नेमकं काय राखायचं ते सांगितल्याशिवाय त्याला हे कळायचा मार्ग नाही.

सूचना जितक्या लांब, तितक्या त्यातल्या एकदोन सुटायची शक्यता जास्त. आठ-दहा ओळींच्या पुढे जात असाल तर त्यातला काही मजकूर नियमांच्या फाइलीत जायला हवा असं समजा.

कामाला लावण्याआधी परीक्षा

फाइल चढली म्हणजे वाचली गेली असं नाही. म्हणून प्रोजेक्टमध्ये पहिली चॅट कामाची करायची नाही, परीक्षेची करायची. तीन तऱ्हेचे प्रश्न विचारा. पहिला, ज्याचं उत्तर फक्त तुमच्याच फाइलीत आहे: "आराखड्यात तिसऱ्या क्रमांकाचा लेख किती पानांचा?" दुसरा, ज्याचं उत्तर फाइलीतली नेमकी ओळ उद्धृत करून मागायचं, आणि ती ओळ फाइल उघडून अक्षरशः ताडून पाहायची. तिसरा, ज्याचं उत्तर कुठल्याच फाइलीत नाही: न झालेल्या कार्यक्रमाचं साल, आराखड्यात नसलेल्या लेखकाचं नाव. इथे "फाइलींत सापडत नाही" असं आलं पाहिजे. ठाम उत्तर आलं तर सूचनांतला चौथा मुद्दा अधिक स्पष्ट लिहा आणि पुन्हा विचारा.

दुसऱ्या प्रश्नाला विस्कळीत देवनागरी किंवा नुसता सारांश आला, तर बहुधा फॉन्टचीच भानगड आहे. ती फाइल काढा, वर सांगितलेली नोटपॅडची चाचणी करा.

एक लेख प्रोजेक्टातून जाताना

सालवारी एवढी का महत्त्वाची ते एका उदाहरणाने पाहू. समजा, शहराच्या वाङ्मयीन आठवणींवर एक लेख आला आणि त्यात असं वाक्य आहे: "१९१८ साली इंदूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाला गांधीजी अध्यक्ष म्हणून आले होते, तेव्हा आजोबा स्वयंसेवक होते."

वाक्य सहज पटतं, कारण त्याचा प्रत्येक तुकडा खऱ्याच्या जवळ आहे. इंदूरला मराठी साहित्य संमेलन भरलं ते १९१७ मध्ये, अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे. गांधीजी अध्यक्ष म्हणून आले ते १९१८ मध्ये, पण हिंदी साहित्य संमेलनाला. गोंधळ वाढवायला १९३५ आहे: त्या वर्षी इंदूरला दोन्ही संमेलनं झाली, हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी आणि मराठीचे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यानंतर मराठी संमेलन इंदूरला आलं ते २००१ मध्ये, विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली.

सालवारीच्या फाइलीत या पाचही घटना वेगवेगळ्या ओळींवर, "मराठी" आणि "हिंदी" हे शब्द ठळकपणे लिहून हव्यात. ही फाइल नसताना नुसतं "शुद्धलेखन तपासून दे" म्हटलं, तर बहुतेक वेळा ऱ्हस्वदीर्घ नीट होऊन वाक्य तसंच परत येतं, चूक अधिक नीटनेटकी होऊन. आणि "तथ्यंही तपास" म्हटलं, तर कधी १९१८ चं १९१७ होतं आणि गांधीजी तसेच राहतात, म्हणजे एक चूक जाऊन दुसरी येते.

सालवारी असताना आणि तिसरी सूचना दिलेली असताना लेख बदललेला यायला नको. सोबत एक टाचण यायला हवं: अमुक वाक्य सालवारीतल्या या दोन ओळींशी जुळत नाही. पुढचं काम माणसाचं. लेखिकेला फोन लावायचा. आजोबा १९१७ च्या संमेलनात होते की १९१८ च्या, हे कुठलीच फाइल सांगू शकत नाही. लेखिकेच्या घरी जुनं पत्र असेल, ओळखपत्र असेल, किंवा नुसती ऐकीव आठवण असेल. ऐकीव असेल तर "घरी सांगत असत" असं लिहून वाक्य राखता येतं.

फोनवर उलगडा झाला की निर्णयवहीत एक ओळ घालायची. हीच पायरी लोक गाळतात.

निर्णयवही

ही साधी फाइल आहे. प्रत्येक ओळीत तारीख, काय ठरलं, कुणी ठरवलं, आणि थोडक्यात का. नमुना असा:

```
ऑग १४: लेख ७, संमेलन १९१८ = हिंदी. लेखिकेने
   फोनवर मान्य केलं. "हिंदी साहित्य संमेलन" छापायचं.
ऑग १६: "अहिल्याबाई" हेच रूप सर्वत्र. "अहिल्यादेवी"
   फक्त संस्थांच्या अधिकृत नावांत. (समिती बैठक)
ऑग २१: आकडे देवनागरी, पण फोन क्रमांक आणि
   पिनकोड रोमनमध्ये. (जाहिरातदारांची मागणी)
```

शेवटची ओळ बघा. लेखननियमांत "आकडे देवनागरी" एवढंच होतं. बैठकीत त्याला अपवाद निघाला. हा अपवाद चॅटमध्ये सांगितला असता तर त्या दिवसापुरता पाळला गेला असता. वहीत गेल्यामुळे तो जाहिरातींची चॅट चालवणाऱ्या दादांनाही मिळाला आणि मुखपृष्ठ बघणाऱ्या ताईंनाही.

वही चालवायची रीत अशी. चॅट संपवताना विचारायचं: या चॅटमध्ये पक्क्या ठरलेल्या, इतर लेखांनाही लागू पडतील अशा गोष्टींची यादी दे. आलेली यादी तशीच्या तशी चिकटवायची नाही. तिच्यात नुसत्या सुचवलेल्या, कुणी मान्य न केलेल्या गोष्टीही "ठरलं" म्हणून घुसतात. माणसाने वाचून, खरोखर ठरलेल्या दोन-तीन ओळी संगणकावरच्या मूळ फाइलीत लिहायच्या, तारीख बदलून फाइल सेव्ह करायची, आणि प्रोजेक्टमधली जुनी काढून नवी चढवायची.

"जुनी काढून" हे शब्द अधोरेखित करून वाचा. तुमच्या संगणकावरची फाइल बदलली म्हणून प्रोजेक्टमधली प्रत आपोआप बदलत नाही. आणि नवी चढवताना जुनी राहून गेली, तर दोन वह्या शेजारी बसतात. एकीत "अहिल्यादेवी", दुसरीत "अहिल्याबाई". मग एका लेखात एक, दुसऱ्यात दुसरं, असं व्हायला लागतं. निर्णय पाळला जात नाही असं दिसलं की सूचनांना दोष देण्याआधी फाइलींची यादी उघडून तिथे एकच वही आहे ना ते पाहा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

वही दोन पानांपलीकडे गेली की तिच्यातले कायमचे नियम लेखननियमांत हलवा आणि संपलेल्या लेखांच्या ओळी काढून टाका.

चॅटी कशा पाडायच्या

एका लेखाला एक चॅट. नाव देताना लेखाचा आराखड्यातला क्रमांक पुढे: "०७ संमेलनाच्या आठवणी, पहिला हात". सगळे लेख एकाच लांबलचक चॅटमध्ये घेतले तर दोन गोष्टी होतात. वर कुठेतरी सांगितलेलं खाली येईपर्यंत पुसट होतं, आणि प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर मागचं सगळं संभाषण पुन्हा वाचलं जात असल्याने वापराची मर्यादा लवकर संपते.

आधीच सुरू केलेल्या चॅटी प्रोजेक्टमध्ये हलवता येतात. चॅटच्या नावाशेजारच्या मेनूत तसा पर्याय असतो. हलवल्यावर पुढची उत्तरं प्रोजेक्टच्या सूचनांप्रमाणे येतील, आधी आलेली उत्तरं मात्र जुन्याच नियमांनी केलेली राहतात. तो लेख पुन्हा एकदा तपासून घ्यावा लागतो.

जाहिरातींचा पत्रव्यवहार याच प्रोजेक्टात ठेवायचा का? माझं मत, वेगळा ठेवावा. कसोटी सोपी आहे: दोन कामांना लागणाऱ्या फाइली त्याच असतील तर एक प्रोजेक्ट, वेगळ्या असतील तर दोन. जाहिरातीच्या पत्राला दरपत्रक लागतं, संमेलनांची सालवारी नाही. दोन्हीकडे लागणारी निर्णयवही दोन्ही प्रोजेक्टांत चढवावी लागते, तेवढा त्रास सोसायचा.

साहित्य वाढत गेलं तर

फाइली थोड्या असतात तोवर क्लॉड त्या सगळ्याच्या सगळ्या समोर ठेवून उत्तर देतो. साहित्य एका मर्यादेपलीकडे गेलं की पैसे भरलेल्या खात्यात तो प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून तेवढेच वाचतो. देवनागरी मजकूर तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे आपली मर्यादा आधी येते.

तुकड्यांवर काम सुरू झाल्याची खूण अशी: "अहिल्याबाईंचा मृत्यू कोणत्या साली?" याला १७९५ हे बरोबर उत्तर येतं, पण "सालवारीतल्या सगळ्या १९३५ च्या घटना सांग" म्हटलं की दोनांपैकी एकच येते. एखादी गोष्ट शोधायला ही पद्धत चालते. "सगळ्या", "एकूण किती", "कुठेच नाही ना" असल्या प्रश्नांना ती चालत नाही. तेव्हा फाइली कमी करा, किंवा ती एकच फाइल त्या चॅटमध्ये चिकटवून विचारा. मागचे सगळे अंक चढवायचे नाहीत, असं सुरुवातीला म्हटलं ते यासाठीच.

सोबतची माणसं आणि फोन नंबर

समितीतल्या चौघांनी एकच खातं आणि एकच पासवर्ड वापरायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यात कुणी काय बदललं ते कळत नाही, आणि त्या खात्यातल्या एकाच्या घरगुती चॅटी बाकीच्या तिघांना दिसतात. प्रोजेक्ट दुसऱ्यांना दाखवायची सोय दोन्ही साधनांत आहे, पण ती कोणत्या योजनेत मिळते ते वेगवेगळं असतं. न मिळाल्यास प्रत्येकाने आपापल्या खात्यात प्रोजेक्ट करावा आणि चारही फाइली एकाच ड्राइव्ह फोल्डरातून घ्याव्यात. वही बदलायचा अधिकार मग एकाकडेच हवा.

चॅटजीपीटीत प्रोजेक्ट तयार करताना त्याची स्मृती प्रोजेक्टपुरतीच ठेवण्याचा पर्याय विचारला जातो. तो तेव्हाच निवडा, म्हणजे घरच्या मधुमेहाच्या पथ्याबद्दलची चॅट मनोगताच्या खर्ड्यात डोकावणार नाही.

सभासदांची यादी चढवायचीच झाली तर फोन, पत्ता, जन्मतारीख आणि वर्गणीचे रकाने आधी काढून टाका. संपादनाला नावाचं शुद्धलेखन लागतं, बाकी काही नाही. आपलं बोलणं साधन सुधारण्यासाठी वापरू द्यायचं की नाही, याचं बटण दोन्हीकडे खात्याच्या सेटिंगमध्ये आहे, क्लॉडमध्ये Privacy या भागात आणि चॅटजीपीटीत Data controls या भागात. लोकांचे अप्रकाशित लेख हाताळत असाल तर ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

अंक छापून झाल्यावर

प्रोजेक्ट लगेच पुसू नका. चॅटजीपीटीत प्रोजेक्ट पुसला की आतल्या चॅटी आणि फाइलीही जातात. क्लॉडमध्ये Archive करून तो नजरेआड ठेवता येतो. अंक वाटून झाल्यावर लोक चुका कळवतात. त्या सालवारीत आणि लेखननियमांत दुरुस्त करून घ्या, कारण पुढच्या वर्षी याच दोन फाइली नव्या प्रोजेक्टात जायच्या आहेत. आराखडा आणि निर्णयवही मात्र कोऱ्या सुरू करायच्या. आणि डीटीपीवाल्याकडून या अंकाचा मजकूर छपाईच्या पीडीएफसोबत युनिकोडमध्येही मागून घ्या, बिल चुकतं करण्याआधी.